विमान रद्द, सुट्टी लांबली: ऑफिसला काय, कधी आणि कसं कळवायचं?

लेहच्या विमानतळावर सकाळी आठ वाजता फलकावर ‘रद्द’ असा शब्द झळकतो. बॅगा ट्रॉलीवर तशाच असतात, काउंटरसमोर रांग लागते आणि रांगेतल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट असते. उद्या सोमवार आहे आणि ऑफिसला हजर व्हायचं आहे.

विमान दोन-चार तास उशिरा निघालं तर ऑफिसला एक फोन पुरतो. पण पुढची जागाच तीन दिवसांनी मिळत असेल तर प्रकरण वेगळं होतं. मंजूर झालेली रजा संपलेली असते आणि नवीन रजा मंजूर झालेली नसते. मधले दिवस हजेरीपटावर ‘विनापरवानगी गैरहजर’ म्हणून लागू शकतात. ते तसे लागू नयेत यासाठी काय करायचं, हे लेहच्याच उदाहरणातून पाहूया. महाराष्ट्रातून उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिथे बरेच पर्यटक जातात, आणि माणूस तिथे सहज अडकूही शकतो.

लेहमध्येच असं का होतं?

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, चारही बाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात आहे. दुपारनंतर खोऱ्यात जोराचे वारे सुटतात, म्हणून प्रवासी विमानं मुख्यतः सकाळीच ये-जा करतात. सकाळी ढग उतरले किंवा वारा उलटा फिरला तर ‘संध्याकाळी बघू’ अशी सोय नसते. भर उन्हाळ्यात तर निरभ्र आकाश असूनही विमान रद्द होतं. उंचीमुळे हवा आधीच विरळ असते, तापमान वाढलं की ती आणखी विरळ होते आणि विमानाला उड्डाणासाठी पुरेसा जोर मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये याच कारणामुळे लेहची काही उड्डाणं रद्द करावी लागली होती.

विमान एक दिवस रद्द झालं, तर दुसऱ्या दिवशी निघता का येत नाही? कारण हंगामात दुसऱ्या दिवशीची विमानं आधीच भरलेली असतात. रद्द विमानातल्या प्रवाशांना पुढच्या दोन-चार दिवसांतल्या उरल्यासुरल्या जागांवर बसवलं जातं. हे कारण साहेबांनाही एका वाक्यात सांगायला हवं. पुण्यात बसलेल्या माणसाला ‘विमान रद्द झालं’ म्हणजे ‘उद्या येईल’ असंच वाटतं.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका खासगी कंपनीत लेखा विभागात काम करणारी एक तरुणी आहे. तिची सोमवार ६ जुलै ते शुक्रवार १० जुलै अशी पाच दिवसांची रजा मंजूर आहे. शनिवार-रविवार साप्ताहिक सुट्टी, सोमवारी १३ तारखेला तिला कामावर हजर व्हायचंय. रविवारी १२ तारखेला सकाळी लेह-दिल्ली आणि दुपारी दिल्ली-पुणे अशी तिची विमानं होती. लेहचं विमान रद्द झालं.

पहिला अडथळा फोनचा

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. प्रवासाला जाताना ही गोष्ट अनेकांना माहीत असते. ‘आठ दिवस फोन बंद, बरंच झालं’ म्हणून ते खूशही असतात. विमान रद्द झाल्यावर मात्र त्याची किंमत कळते.

फोन लागत नाही एवढाच हा अडथळा नाही, कारण व्हॉट्सॲप कॉल हॉटेलच्या वायफायवर होतो. खरी अडचण ओटीपीची आहे. कंपनीच्या रजेच्या पोर्टलवर लॉगिन करायला एसएमएसने ओटीपी येत असेल तर तो येणार नाही. कार्डाने नवीन तिकीट काढायला बँकेचा ओटीपी लागत असेल तर तोही येणार नाही. विमान कंपनीचा ‘उड्डाण रद्द’ असा एसएमएससुद्धा पोहोचलेला नसतो, म्हणून बरेच जण थेट विमानतळावर जाऊन धडकतात. बरोबर कुणाकडे पोस्टपेड फोन असेल तर ऑफिसला तो नंबर द्यावा. ईमेल उघडता येतो का, हेही लगेच तपासावं. ‘पोर्टलवर अर्ज टाकता आला नाही’ ही अडचण खरी असली, तरी ती त्याच दिवशी ईमेलमध्ये लिहिलेली असेल तरच ग्राह्य धरली जाते. परत आल्यावर सांगितली तर ती सबब वाटते.

पहिला निरोप: तिकिटाची वाट न पाहता

इथे बहुतेकांची चूक होते. ‘आधी नवीन तिकीट मिळू दे, मग एकदाच नीट कळवू’ असा विचार करून माणूस रांगेत उभा राहतो. रांग तीन तास चालते, मग हॉटेल शोधावं लागतं, मग जेवण. संध्याकाळी मेसेज जातो तेव्हा साहेबांच्या हातात काहीच वेळ उरलेला नसतो. रविवारी सकाळी नऊला कळलं तर सोमवारचं काम दुसऱ्याकडे देता येतं. रविवारी रात्री दहाला कळलं तर फक्त चिडता येतं.

म्हणून निरोप दोन टप्प्यांत द्यावा. पहिला निरोप रांगेत उभं राहूनच, थेट वरिष्ठांना. आधी फोन, तो लागला नाही तर मेसेज. आपल्या उदाहरणातल्या तरुणीचा मेसेज साधारण असा असेल:

“सर, आज सकाळचं माझं लेह-दिल्ली विमान हवामानामुळे रद्द झालंय. उद्या सोमवारी मी ऑफिसला पोहोचू शकणार नाही. पुढची विमानं भरलेली आहेत, त्यामुळे दोन-तीन दिवस लागतील असं दिसतंय. तिकिटाच्या रांगेत आहे. दुपारी दोनपर्यंत नक्की तारीख कळवते. माझा फोन इथे चालत नाही, व्हॉट्सॲप कॉल हॉटेलच्या वायफायवर लागेल.”

यात नसलेल्या गोष्टीही बघा. विमान कंपनीला दिलेल्या शिव्या नाहीत, तीन वेळा मागितलेली माफी नाही आणि ‘मंगळवारी नक्की येते’ असं आश्वासनही नाही. हातात तिकीट नसताना दिलेली तारीख चुकली तर दुसऱ्यांदा माफी मागावी लागते, आणि दुसऱ्या वेळी माणूस आधीच्या निरोपावरही शंका घेतो. तारीख माहीत नसेल तर ती कधी कळेल याची वेळ द्यावी आणि ती पाळावी. दोन वाजेपर्यंत तिकीट मिळालं नाही, तरी दोन वाजता ‘अजून मिळालेलं नाही’ असा मेसेज जायला हवा.

टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकून मोकळं होणं मात्र टाळावं. ग्रुपवरचा मेसेज साहेबांनी वाचलाच असं नसतं. शिवाय रजा देण्याचा अधिकार एका माणसाकडे असतो, ग्रुपकडे नाही.

दुसरा निरोप: हा अर्ज आहे

दुपारी एकच्या सुमाराला तिला बुधवार १५ तारखेच्या सकाळच्या विमानात जागा मिळते. दिल्लीहून पुण्याचं तिकीट वेगळं काढलेलं होतं, ते वाया गेलं. दोन तिकिटं स्वतंत्र असली तर पहिलं विमान रद्द झाल्यामुळे दुसरं चुकलं, याची जबाबदारी दुसरी विमान कंपनी घेत नाही. बुधवारी संध्याकाळचं दिल्ली-पुणे तिकीट तिने नव्याने घेतलं. म्हणजे ती बुधवारी रात्री घरी पोहोचेल आणि गुरुवारी १६ तारखेला कामावर येईल.

आता लेखी ईमेल जायला हवा, वरिष्ठांना आणि एचआरलाही. त्यात ‘मी १६ तारखेला येत आहे’ असं नुसतं कळवायचं नाही, रजा वाढवून मागायची. हा फरक शब्दांचा वाटतो, पण कागदावर तो मोठा आहे. कळवणं ही माहिती झाली आणि मागणं हा अर्ज झाला. अर्जाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर द्यावं लागतं आणि तेच उत्तर पुढे उपयोगी पडतं.

“विषय: १३ ते १५ जुलै रजा वाढवून मिळण्याबाबत, लेहचं विमान रद्द

सर, आज १२ जुलैचं माझं लेह-दिल्ली विमान हवामानामुळे रद्द झालं. विमान कंपनीने दिलेली सर्वांत जवळची जागा बुधवार १५ जुलै सकाळची आहे. त्या दिवशी रात्री मी पुण्यात पोहोचेन आणि गुरुवार १६ जुलैला नेहमीच्या वेळी हजर होईन.

सोमवार १३ ते बुधवार १५ असे तीन कामाचे दिवस रजा वाढवून मिळावी, ही विनंती. माझी किरकोळ रजा शिल्लक आहे, ती वापरता येईल का ते कृपया कळवावं. पोर्टलचा ओटीपी इथे येत नसल्यामुळे हा ईमेल अर्ज म्हणून स्वीकारावा.

जीएसटीचं ३बी विवरणपत्र २० तारखेला भरायचं आहे, त्याला अडचण येणार नाही. १४ तारखेला २बी आल्यावर ते उतरवून ठेवण्यासाठी सहकाऱ्याशी बोलले आहे. पडताळणी मी १६ तारखेला करेन. रद्द झाल्याचा विमान कंपनीचा ईमेल, जुनं तिकीट आणि नवीन तिकीट सोबत जोडलं आहे.”

ईमेल इंग्रजीत लिहिला तरी क्रम हाच ठेवावा: काय झालं, कधी येणार, कोणते दिवस आणि कोणती रजा, कामाचं काय, पुरावा कुठे. कामाबद्दलचा परिच्छेद लोक बहुधा गाळतात किंवा ‘फोनवर उपलब्ध आहे’ एवढं लिहून थांबतात. लेहमध्ये ते खरंही नसतं. साहेबांना हवं असतं ते १३, १४ आणि १५ या तीन दिवसांत नेमकं काय अडणार आहे. जीएसटीच्या कामात महिन्याच्या १४ तारखेला खरेदीवरच्या कराचं २बी विवरण तयार होतं आणि मासिक ३बी भरायची मुदत सहसा २० तारखेची असते. म्हणजे या तीन दिवसांत एकच काम येतं आणि ते दुसरा माणूस करू शकतो. एवढं लिहिलं की निम्मी काळजी मिटते. उलट रजा १८ ते २० तारखेला वाढली असती तर हाच परिच्छेद वेगळा लिहावा लागला असता आणि त्यात ३बी कोण भरणार याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

‘तिथूनच काम करते’ असं म्हणण्याआधीही जरा थांबावं. लॅपटॉप पुण्यातल्या कपाटात असेल, हॉटेलचं वायफाय संध्याकाळी झोपत असेल, तर हे आश्वासन रजेपेक्षा महागात पडतं. त्या दिवशी हजेरी लागते आणि काम झालेलं नसतं.

‘गाडीने का नाही आलात?’

हा प्रश्न येतोच, आणि तो पूर्ण चुकीचाही नाही. लेहहून मनालीचा रस्ता सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत एक मुक्काम धरून त्याला दोन दिवस लागतात. सोमवारी पहाटे निघालं तर मंगळवारी संध्याकाळी मनाली, रात्रीच्या बसने बुधवारी दिल्ली आणि तिथून विमानाने रात्री पुणे. म्हणजे आपल्या उदाहरणात रस्त्याने येऊनही ती बुधवारीच पोहोचली असती, वर दरड कोसळण्याचा धोका. हा हिशोब ईमेलमध्ये एका ओळीत लिहिला तर प्रश्न तिथेच संपतो. पण विमानाची जागा पाच-सहा दिवसांनंतरची असेल तर रस्त्याचा पर्याय खरोखर विचारात घ्यावा लागतो. अशा वेळी ‘पर्यायच नव्हता’ असं म्हणणं टिकत नाही.

यातच आणखी एक गोष्ट येते. विमान कंपनी बुधवारची जागा देत असताना कुणी शुक्रवारची निवडली, तर बुधवारपर्यंतचा उशीर विमानाचा आणि पुढचा स्वतःचा. दोन्ही तिकिटं हातात असलेल्या एचआरला हे तारखांवरून लगेच दिसतं.

पुरावा कोणता ठेवायचा?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार विमान रद्द झालं तर कंपनीने पर्यायी विमान किंवा पैसे परत, यांपैकी एक देणं अपेक्षित असतं. कारण हवामानासारखं, कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही. ऑफिसच्या दृष्टीने यातला उपयोगाचा भाग हा की दोन्ही गोष्टींचा ईमेल येतो आणि त्यात उड्डाण क्रमांक व तारीख असते. हा ईमेल, मूळ तिकीट आणि नवीन तिकीट असे तीन कागद मिळून गोष्ट पूर्ण होते. मूळ तिकिटावरून कळतं की माणूस वेळेत परतणार होता. विमानतळावरच्या फलकाचा फोटो यातलं काहीच सिद्ध करत नाही, कारण त्यावर प्रवाशाचं नाव नसतं. बऱ्याच विमान कंपन्या मागितल्यास उड्डाण रद्द झाल्याचं प्रमाणपत्रही देतात. एचआर काटेकोर असेल तर ते घेऊन ठेवावं.

तिकीट मात्र ग्रुपवर टाकू नये. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर अनेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर बुकिंग उघडतं, आणि ते बदलताही येऊ शकतं.

काही जण हे सगळं टाळून आजारपणाची रजा टाकतात. ‘विरळ हवेचा त्रास झाला’ हे लेहमध्ये खपूनही जाईल असं वाटतं. पण मग वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं जातं, आणि रद्द झालेल्या विमानाची बातमी तर सगळ्यांनी वाचलेली असते. सांगण्यासारखं खरं कारण हातात असताना खोटं वापरायची गरज काय, हा प्रश्न उरतो.

रजा कोणती लागेल?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, तो लागू असलेल्या ठिकाणी कामगाराला वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा मिळते. शिवाय वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. किरकोळ रजा अशा अचानक प्रसंगांसाठीच असते. पण भरपगारी रजेला जोडून ती घेता येणार नाही, असा नियम अनेक कंपन्यांमध्ये असतो. म्हणून वरच्या ईमेलमध्ये ‘वापरता येईल का’ असं विचारलं आहे.

खरा फटका बसू शकतो तो ‘सँडविच’ नियमाचा. काही कंपन्यांत दोन रजांच्या मध्ये आलेली साप्ताहिक सुट्टीही रजेत मोजली जाते. आपल्या उदाहरणात आधीची रजा शुक्रवारी संपली होती, त्यामुळे शनिवार-रविवार सुट्टीच होती. आता सोमवार ते बुधवार रजा वाढली, तर हे दोन दिवस मध्ये सापडतात आणि तीन दिवसांची वाढ पाच दिवसांची होते. कंपनीत हा नियम असेल, तर रजा स्वेच्छेने जोडलेली नाही हे लिहून तो शिथिल करण्याची विनंती करता येते. ती मान्य करणं कंपनीवर बंधनकारक नाही. रजा शिल्लकच नसेल तर ते दिवस बिनपगारी जातात, आणि त्याबद्दल वाद घालायला फारसा वाव नसतो.

न कळवता राहिलं तर?

१९४६ च्या केंद्रीय नियमांमधल्या नमुना स्थायी आदेशांत रजा वाढवण्याबद्दल स्पष्ट तरतूद होती. कामगाराने मुदतवाढीसाठी अर्ज करायचा आणि मालकाने लेखी उत्तर द्यायचं. रजा संपल्यावर आठ दिवसांत परत येऊन समाधानकारक कारण दिलं नाही, तर कामगाराचा नोकरीवरचा हक्क जाऊ शकत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि जुना कायदा मागे पडला. तरी आठ किंवा दहा दिवसांची ही कल्पना अनेक कंपन्यांच्या नियमावलीत आणि नियुक्तिपत्रांत आजही दिसते. आपलं पत्र काढून एकदा वाचायला हरकत नाही.

अशी तरतूद असली तरी माणसाला न विचारता काढून टाकता येतं का? १९९३ मध्ये डी. के. यादव विरुद्ध जे.एम.ए. इंडस्ट्रीज या प्रकरणात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला. आठ दिवसांहून अधिक विनापरवानगी गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते, असा त्या कंपनीचा आदेश होता. कामगाराला बाजू मांडायची संधी न देता असं करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पुढे २०१२ मध्ये कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक भेद केला. गैरहजेरी नियंत्रणाबाहेरच्या परिस्थितीमुळे असेल तर ती हेतुपुरस्सर म्हणता येत नाही, आणि हेतू सिद्ध झाल्याशिवाय तो गैरवर्तनाचा ठपका ठरत नाही. हे प्रकरण सरकारी कर्मचाऱ्याचं होतं.

तीन दिवसांच्या उशिरासाठी कुणी न्यायालयात जात नाही. पण या दोन निकालांमधून नेमकं कशाला वजन असतं ते कळतं: कारण हाताबाहेरचं होतं का, आणि ते वेळेत सांगितलं होतं का. पहिल्याचा पुरावा विमान कंपनीचा ईमेल, दुसऱ्याचा पुरावा रविवारी दुपारी स्वतः पाठवलेला ईमेल.

बुधवारीही रद्द झालं तर?

लेहमध्ये असंही होतं. मग नवा ईमेल सुरू न करता त्याच साखळीत उत्तर द्यावं, म्हणजे सगळा क्रम एका जागी राहतो. आता हजर होण्याची तारीख बदलली, मागितलेले दिवस बदलले आणि कामाचा हिशोबही बदलला. वाढ शुक्रवारपर्यंत गेली तर ती सोमवारी २० तारखेलाच हजर होईल, म्हणजे ३बीच्या शेवटच्या दिवशी. तेव्हा पडताळणी १६ तारखेला करण्याचं आधीचं आश्वासन मागे घेऊन ते काम कुणाकडे द्यायचं हे स्पष्ट लिहावं लागेल. या वेळी साहेबांना प्रत्यक्ष बोलायचं असेल, म्हणून कॉल आधी आणि ईमेल नंतर.

आणि अडकलेल्या मंगळवारी पँगाँग तलावाकाठचा फोटो स्टेटसला ठेवायचा मोह झालाच, तर तो आठवडाभर पुढे ढकलता येतो. अडकलेल्या माणसाने तलाव बघायला जाण्यात गैर काहीच नाही, पण सोमवारचं काम अंगावर घेतलेल्या सहकाऱ्याला तो त्याच दिवशी दिसायला नको.